नियुक्तीपत्रात लिहिलेला परफॉर्मन्स बोनस कमी आला, तर हिशोब कसा मागावा

बँकेचा मेसेज येतो, आकडा अपेक्षेपेक्षा बराच कमी असतो आणि पहिला फोन एचआरला जातो. तो फोन एक दिवस थांबवा. बँकेत जमा झालेली रक्कम टीडीएस कापून आलेली असते, तर नियुक्तीपत्रातला आकडा कर कापण्यापूर्वीचा असतो. त्यामुळे त्या महिन्याची सॅलरी स्लिप काढा आणि कमाईच्या रकान्यात बोनसपुढे किती लिहिलंय ते बघा. तुलना त्याच आकड्याशी करायची. तिथे रक्कम बरोबर असेल, तर प्रश्न कराचा आहे आणि तो पेरोलवाल्यांना विचारायचा. तिथेच कमी असेल, तर पुढचं वाचा.

आता नियुक्तीपत्र आणि त्याचं परिशिष्ट काढा. पगाराची फोड बहुतेक वेळा शेवटच्या पानावर असते आणि बोनसच्या अटी त्याच्या खालच्या बारीक अक्षरांत. मधल्या काळात इन्क्रिमेंट लेटर मिळालं असेल तर तेही घ्या, कारण नव्या पत्राने जुनी अट बदललेली असू शकते. शब्द नीट वाचा. ‘वार्षिक बोनस 1,20,000 रुपये, खालील सूत्रानुसार’ असं लिहिलं असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ‘1,20,000 रुपयांपर्यंत’ असेल तर तो आकडा कमाल मर्यादा आहे. आणि ‘व्यवस्थापनाच्या निर्णयाधीन’ असेल तर पूर्ण रकमेचा आग्रह टिकणं अवघड जातं. मात्र तेव्हाही, रक्कम कशी ठरवली हे विचारायला काहीच हरकत नाही.

यानंतर स्वतः हिशोब मांडायचा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. कारण ‘बोनस कमी आला’ या तक्रारीला गोलमोल उत्तर देता येतं, पण ‘नऊऐवजी सहा महिने का धरले?’ या प्रश्नाला तसं उत्तर देता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत एक मुलगी 1 जुलै 2024 ला रुजू झाली. पत्रात लिहिलंय की 100 टक्के उद्दिष्ट गाठल्यास वार्षिक बोनस 1,20,000 रुपये. त्यातला 70 टक्के भाग वैयक्तिक कामगिरीवर आणि 30 टक्के कंपनीच्या कामगिरीवर. पहिल्या वर्षी रुजू झाल्याच्या तारखेपासून 31 मार्चपर्यंतच्या महिन्यांच्या प्रमाणात रक्कम मिळेल. म्हणजे जुलै ते मार्च, नऊ महिने. 1,20,000 चे नऊ महिन्यांचे होतात 90,000. तिचं रेटिंग असं की वैयक्तिक भाग पूर्ण मिळतो, म्हणून 90,000 चे 70 टक्के, 63,000. कंपनीने आपली कामगिरी 80 टक्के जाहीर केली, म्हणून उरलेल्या 27,000 चे 80 टक्के, 21,600. एकूण 84,600.

स्लिपवर मात्र आहेत 56,400.

आता दोन आकड्यांचं गुणोत्तर काढा. 56,400 ला 84,600 ने भागलं की येतात बरोबर दोन तृतीयांश, म्हणजे नवातले सहा. तिचा प्रोबेशन तीन महिन्यांचा होता आणि कन्फर्मेशन 1 ऑक्टोबरचं. पेरोलने महिने रुजू झाल्याच्या तारखेऐवजी कन्फर्मेशनच्या तारखेपासून मोजलेले दिसतात. फरक 28,200 रुपये. तुमच्या बाबतीत कारण वेगळं निघू शकतं. रेटिंग सिस्टिममध्ये चुकीचं चढलेलं असतं, वर्षाच्या मध्ये विभाग बदललेला असतो, बिनपगारी रजेचे दिवस वजा केलेले असतात, किंवा इन्क्रिमेंटनंतरही जुनाच वार्षिक आकडा धरलेला असतो. प्रत्येक शक्यता घालून गणित करून बघा. कोणत्या शक्यतेने स्लिपवरचा आकडा तंतोतंत येतो तेवढं पाहायचं.

मग ईमेल. पहिल्या ईमेलमध्ये दुरुस्ती मागू नका, मोजणी मागा. तुमचा अंदाज चुकीचा असू शकतो, आणि पॉलिसीत तुम्ही न वाचलेलं कलमही असू शकतं. ईमेल एचआरला पाठवा, मॅनेजरला कॉपीत ठेवा. त्याआधी मॅनेजरच्या कानावर घाला, ‘सर, बोनसच्या हिशोबाबद्दल एचआरला विचारतोय, तुम्हाला कॉपीत ठेवतो.’ अचानक कॉपीत नाव दिसलं की माणूस बिथरतो. मजकूर साधा असावा:

‘मॅडम, जूनच्या सॅलरी स्लिपमध्ये 2024-25 च्या परफॉर्मन्स बोनसपोटी 56,400 रुपये दिसतात. नियुक्तीपत्रातल्या सूत्रानुसार माझ्या हिशोबाने 84,600 रुपये होतात. मोजणी सोबत जोडली आहे. कृपया कंपनीने धरलेले महिने, रेटिंग आणि कंपनीच्या कामगिरीचा टक्का कळवावा, तसेच लागू असलेल्या पॉलिसीची प्रत द्यावी. पुढच्या पेरोलपूर्वी उत्तर मिळाल्यास बरं होईल.’

यात ना आरोप, ना कायद्याची धमकी. दुसऱ्याला किती मिळाले हेही लिहू नका. त्याने मुद्दा भरकटतो आणि तो सहकारी विनाकारण अडचणीत येतो. आणखी एक काळजी घ्या. स्वतःचं नियुक्तीपत्र, स्लिपा आणि रेटिंगचं पत्र घरी जपून ठेवा, पण कंपनीच्या अंतर्गत फाइल्स स्वतःच्या मेलवर पाठवू नका. त्याचीच उलट कारवाई होऊ शकते.

उत्तर तोंडी आलं, तर त्याच दिवशी दोन ओळी लिहून पाठवा: ‘आज फोनवर आपण सांगितलं की महिने कन्फर्मेशनपासून धरले आहेत. माझी समज बरोबर आहे ना?’ कारण लेखी आलं की दुसरा ईमेल करायचा, आणि दुरुस्तीची मागणी त्यात. नियुक्तीपत्राचं कलम जसंच्या तसं उतरवा, फरकाची रक्कम लिहा, पुढच्या पगारात थकबाकी म्हणून द्यावी असं म्हणा. एचआर पॉलिसी दाखवत असेल तर दोन गोष्टी तपासा: ती तुम्ही रुजू होण्यापूर्वीची आहे की नंतर बदललेली, आणि ‘पॉलिसी वेळोवेळी बदलू शकते’ अशी अट तुमच्या पत्रात आहे का. अशी अट असली, तरी संपून गेलेल्या वर्षाच्या बोनसला नवा नियम मागे जाऊन का लावला, हा प्रश्न रास्तच आहे.

कधी कधी ‘तुमच्या पगाराला बोनस कायदा लागूच नाही’ असं ऐकवलं जातं. ते वेगळं प्रकरण. किमान 8.33 टक्क्यांचा जो कायदेशीर बोनस असतो, त्याला पगाराची मर्यादा आहे. तुमचा परफॉर्मन्स बोनस करारातून आलेला आहे. पगार त्या मर्यादेपेक्षा जास्त असला म्हणून करारातली रक्कम बुडत नाही.

दोन्ही ईमेलना उत्तर नाही आलं तर एचआर प्रमुखांकडे किंवा तक्रार निवारण समितीकडे तीच साखळी पाठवा. तिथेही अडलं, तर पुढची वाट तुमच्या कामावर अवलंबून आहे. कायद्याच्या व्याख्येत कामगार ठरणाऱ्यांना नागपुरातल्या अपर कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज करता येतो, आणि तिथे पदनामापेक्षा प्रत्यक्ष काम बघितलं जातं. व्यवस्थापकीय काम करणाऱ्यांसाठी वकिलाची नोटीस आणि मग दिवाणी दावा. दाव्याची मुदत साधारणपणे रक्कम देय झाल्यापासून 3 वर्षं. 28,200 रुपयांसाठी दाव्याचा खर्च आणि वेळ परवडतो का, हे वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा.

दरम्यान नोकरी सोडत असाल, तर ‘सर्व देणी मिळाली’ असं लिहिलेल्या फुल अँड फायनलच्या कागदावर तशीच सही करू नका. त्यावर ‘2024-25 च्या बोनसमधील 28,200 रुपयांच्या फरकाची मागणी प्रलंबित’ असं लिहून मग सही करा, आणि सही केलेल्या कागदाचा फोटो तिथेच काढून घ्या.