सोसायटीची नोटीस साध्या शब्दांत कशी लिहायची, मान न घालवता

नोटीस बोर्डावरचा कागद बहुतेक लोक वाचतच नाहीत, जाता जाता वार आणि वेळ बघतात, आणि मग रविवारी डोक्याला शॅम्पू लावलेला असताना नळ बंद झाला की सेक्रेटरींना फोन. चूक त्यांची नाही. कागदच असा असतो:

"सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, इमारतीवरील पाण्याच्या टाक्यांच्या स्वच्छतेचे कार्य रविवार, दिनांक ८ मार्च रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या कालावधीत हाती घेण्यात येणार असल्याने सदर कालावधीत पाणीपुरवठा पूर्णतः खंडित ठेवण्यात येईल. तरी सभासदांनी आवश्यक त्या पाण्याची पूर्वसाठवणूक करून सहकार्य करावे. तसेच ज्या सभासदांनी देखभाल शुल्काचा भरणा अद्याप केलेला नाही त्यांनी तो तात्काळ करावा, अन्यथा नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल याची नोंद घ्यावी."

हे सोपं करा म्हटलं की कमिटीतलं कोणीतरी म्हणतंच, अहो पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना उद्धट वाटेल. ही भीती खोटी नाही, कारण घाईत सोपं करताना लोक भलतीच गोष्ट कापतात. म्हणून हाच कागद घेऊन बघूया काय कापायचं आणि कशाला हात लावायचा नाही.

आधी क्रियापदाची शेपटी बघा

मराठीत मान बसतो तो मुख्यतः क्रियापदाच्या शेवटाला आणि सर्वनामात, शब्द किती लांब आहे त्यावर नाही. "तू उपस्थित राहा" यात भारदस्त शब्द आहे पण मान नाही, आणि "तुम्ही या" यात दोनच छोटे शब्द आहेत तरी आजोबांना सांगायला पुरेसे आहेत. म्हणजे "उपस्थित राहावे" मधलं "उपस्थित" गेलं तरी चालतं, शेवटचं "-वे" कुठल्या रूपात राहतं ते महत्त्वाचं.

आणि इथे आपल्याकडे चांगली शिडी आहे. "या" म्हणजे सरळ सांगणं, आदराचंच. "यावं" थोडं लांबून, अंतर ठेवून. "याल का" म्हणजे विचारणं. "आलात तर बरं होईल" म्हणजे समोरच्याला नाही म्हणायची मोकळीक ठेवणं. टाकी धुण्याच्या नोटिशीत "भरून ठेवा" एकदम ठीक आहे कारण ते त्यांच्याच फायद्याचं आहे, पण पैसे मागताना "भरा" जरा टोचतं, तिथे "भरावा ही विनंती" बरं. एका नोटिशीत सगळीकडे एकच पायरी लावली तर ती एकतर हुकूम वाटते नाहीतर गयावया. "कृपया" एकदाच, प्रत्येक वाक्याला नको.

"आपण" वापरायचं की "तुम्ही"? मी "तुम्ही" म्हणेन. "आपण" आदराचं आहे पण "आपण सगळे" असाही अर्थ निघतो, आणि "आपण पाणी भरून ठेवावे" वाचून एखाद्याला वाटू शकतं की कमिटीच भरणार आहे.

मग "-ण्यात येईल" शोधा

पेन घ्या आणि कागदावर जिथे जिथे "-ण्यात" दिसेल तिथे गोल करा. वरच्या कागदात चार सापडतील. कळविण्यात येते, हाती घेण्यात येणार, खंडित ठेवण्यात येईल, कार्यवाही करण्यात येईल. प्रत्येकाला एकच प्रश्न, कोण करणार? उत्तर आलं की वाक्य आपोआप निम्मं होतं. "टाक्यांच्या स्वच्छतेचे कार्य हाती घेण्यात येणार आहे" याचं "टाक्या धुणार आहोत" होतं, आणि "कळविण्यात येते की" तर पूर्णच जातं, कारण कागद लावलाय म्हणजे कळवलंच की.

पण इथेच खरा घोळ होतो. "-ण्यात आले" मध्ये करणारा लपलेला असतो त्यामुळे त्याला मान द्यायचा प्रश्नच येत नाही, आणि वाक्य सरळ केलं की तो माणूस समोर येतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं. "अध्यक्षांकडून मार्गदर्शन करण्यात आले" याचं "अध्यक्ष बोलले" करा, "बोलला" नाही. अध्यक्ष बाई असतील तर "बोलल्या". बऱ्याच भागांत घरात "ताई आली" असंच बोलतात आणि त्यात अपमान काही नसतो, पण लिहिताना "आल्या" ठेवा. पुढच्या वाक्यातलं सर्वनाम पण तपासा, वर "अध्यक्ष बोलले" आणि खाली "त्याने सांगितलं" असं झालं की सगळं गेलं, तिथे "त्यांनी" हवं. आडनावाला प्रत्यय नीट लागत नसेल तर "शहा यांनी" लिहा, छोटं आहे आणि मान राहतो.

आता शब्द बदला

हे सगळ्यात सोपं, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. कालावधीत म्हणजे वेळेत, खंडित म्हणजे बंद, अद्याप म्हणजे अजून, पूर्वसाठवणूक म्हणजे आधी भरून ठेवणं. "देखभाल शुल्क" कोणीच म्हणत नाही, सगळे मेंटेनन्स म्हणतात, मग तेच लिहा. "सदर" छोटा शब्द आहे म्हणून ठेवायचा मोह होतो, पण छोटा म्हणजे रोजचा असं नाही, "त्या वेळेत" लिहिलं की झालं. "तात्काळ" ऐवजी तारीख द्या, तात्काळ कधी ते प्रत्येकाचं वेगळं असतं.

अर्ज, हजर, मुदत, तारीख, रजा हे शब्द मूळचे फारसी-अरबी वळणाचे, पिढ्यानपिढ्या दरबारात आणि कचेरीत वावरलेले. त्यामुळे त्यांना आपोआप वजन आहे. "उपस्थित" काढून "हजर" लिहिलं तर कोणाला हलकं वाटत नाही, आणि "आवेदनपत्र" पेक्षा "अर्ज" कधीही बरा. रोजचा आणि भारदस्त असा दोन्हीकडे चालणारा शब्द हवा असेल तर आधी या घराण्यात शोधा.

कुठे छोटा शब्द महाग पडतो

माणसांबद्दलचे शब्द. बाकी सगळीकडे कापा, इथे थांबा. "दुःखद निधन झाले" सोपं करायचं तर "वारले" किंवा "गेले" लिहा, दोन्ही छोटे आणि दोन्हीत मान आहे, पण "मेले" लिहिता येत नाही. "वयोवृद्ध सभासद" जड वाटतं म्हणून "म्हातारे" नाही करायचं, "ज्येष्ठ" छान चालतो, बसमधल्या पाटीमुळे तो आता सगळ्यांच्या तोंडी आहे. "पत्नी" ची "बायको" घरात ठीक, पण दुसऱ्याच्या बायकोबद्दल नोटिशीत लिहिताना सरळ त्यांचं नाव आणि "ताई" किंवा "काकू" लावलं की प्रश्न मिटतो.

कामवाल्यांच्या नोंदणीची नोटीस लिहाल तेव्हा तर नियम उलटाच होतो. "मोलकरीण" छोटा शब्द आहे, "घरकामाला येणाऱ्या मावशी" लांब आहे, तरी लांबच लिहा. त्या मावशी पण लिफ्टजवळ उभ्या राहून तोच कागद वाचतात. लांब असूनही ते रोजच्या बोलण्यातलं आहे, म्हणून अडखळायला होत नाही.

"अन्यथा" चं "नाहीतर" करू नका

कोशात बघितलं तर अर्थ तोच, पण "१५ तारखेपर्यंत भरा नाहीतर..." हे कागदावर भांडणासारखं वाचलं जातं. "अन्यथा" पण धमकीच असते, फक्त तिला इस्त्री केलेली असते. त्यामुळे हा शब्द बदलायचा नाही, वाक्यच मोडायचं. आधी काय करायचं ते सांगा, मग वेगळ्या वाक्यात काय होईल ते साधेपणाने सांगा. "नियमानुसार कार्यवाही" म्हणजे बहुतेक वेळा व्याजच असतं, तर व्याज लिहा. मॉडेल बायलॉजमध्ये थकबाकीवर सरळ व्याजाची सोय आहे, तुमच्या सोसायटीने जो दर ठरवलाय तो आकडा टाका. आकड्यात राग नसतो, "कार्यवाही" त असतो.

सगळं लावून झाल्यावर तोच कागद:

"नमस्कार. रविवारी, ८ मार्चला सकाळी ९ ते दुपारी २ पर्यंत टाक्या धुणार आहोत. त्या वेळेत नळाला पाणी येणार नाही, त्यामुळे लागेल तेवढं पाणी शनिवारी रात्रीच भरून ठेवा. ज्येष्ठ सभासदांना पाणी भरायला मदत हवी असेल तर शनिवारी संध्याकाळपर्यंत ऑफिसमध्ये कळवा.

मेंटेनन्स भरायचा राहिला असेल तर कृपया १५ मार्चपर्यंत भरावा ही विनंती. त्यानंतर ठरलेल्या दराने व्याज लागेल. काही अडचण असेल तर सेक्रेटरींशी बोला."

"सन्माननीय" गेलं, पण ज्येष्ठांना मदतीची ओळ आली, आणि आजोबांना कुठला मान जास्त वाटेल ते तुम्हीच ठरवा. मी दोन विषय दोन परिच्छेदांत तोडले, जमलं तर दोन वेगळे कागदच करा.

लावायच्या आधी एक तपासणी. कागद हातात घेऊन मोठ्याने वाचा, जणू आजोबांच्या दारात उभं राहून सांगताय. जीभ अडखळली तर तिथे अजून सरकारी शब्द लपलाय. आणि एखाद्या वाक्याच्या शेवटी "काका" किंवा "बरं का" जोडावंसं वाटलं तर ते वाक्य जास्त उघडं पडलंय, तिथे शिडीची एक पायरी वर चढा, "द्या" चं "द्यावं" करा. शब्द परत लांब करायची गरज नाही.

एका कागदाला मात्र हे सगळं लावू नका, वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस. मॉडेल बायलॉजप्रमाणे ती १४ दिवस आधी जावी लागते, आणि त्यातले विषय, गणपूर्ती, थकबाकीदार, ठराव हे शब्द कायद्यातले आहेत, उद्या कोणी तक्रार केली तर निबंधकांपुढे तेच वाचले जातील. तो कागद जसा आहे तसा लावा आणि व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवताना वर दोन ओळी टाका: "सर्वसाधारण सभा रविवारी सकाळी १० ला क्लब हाउसमध्ये आहे, लिफ्ट बदलायचं ठरवायचंय, वेळेवर यावं. पूर्ण नोटीस खाली जोडली आहे."