निकड की घाई? आठ पायऱ्यांच्या क्विझची तयारी

क्विझ रविवारी सकाळी आहे. म्हणजे तुमच्या हातात तीन संध्याकाळी आणि ठाणे-वाशी लोकलमधला जाण्यायेण्याचा वेळ, एवढंच. ऑफिस करून शिकणाऱ्यांना याहून जास्त कधी मिळत नाही. म्हणून कंपनीत बदल घडवण्यासाठी कॉटरने सांगितलेल्या आठ पायऱ्यांपैकी पहिली, म्हणजे निकड, आणि सहावी, म्हणजे लवकर दिसणारं यश, या नीट धरा आणि बाकीच्या सहा फक्त क्रमाने सांगता येतील इतपत ठेवा. आमच्या बॅचमध्ये सगळ्यांनी आठही पायऱ्या घोकल्या होत्या, तरी मार्क गेले ते याच दोन ठिकाणी. तिथले चारही पर्याय वाचताना बरोबर वाटतात.

आज रात्री क्रम पक्का करा. पहिली अक्षरं जोडून सूत्रं बनवत बसू नका, पेपरात सूत्र आठवतं आणि पायरी विसरते. त्यापेक्षा कारखान्यातल्या एखाद्या माणसाला सांगताय असं समजून बोला. आधी लोकांना निकड पटली पाहिजे. मग बदल पुढे रेटणारा वजनदार गट लागतो, पुस्तकात त्याला गायडिंग कोअलिशन म्हणतात. तो गट कुठे जायचं ते आणि त्याचे डावपेच ठरवतो, आणि ते सगळ्यांपर्यंत पोहोचवतो. इथे चार झाल्या. पुढे वाटेतले अडथळे काढून लोकांना हातपाय हलवायला जागा द्यायची, लवकर दिसणारं यश ठरवून मिळवायचं, त्या यशाच्या जोरावर आणखी बदल करायचे आणि शेवटी नवी पद्धत कंपनीच्या अंगवळणी पाडायची. कर्ट लेविनने सांगितलेल्या बदलाच्या तीन टप्प्यांशी जोडी लावा असा प्रश्न आला, तर नेहमीच्या पाठ्यपुस्तकी उत्तरात पहिल्या चार पायऱ्या अनफ्रीझिंगमध्ये, म्हणजे जुनी घडी मोडण्यात, पाच ते सात बदलाच्या टप्प्यात आणि आठवी रीफ्रीझिंगमध्ये, म्हणजे नवी घडी बसवण्यात जाते.

साल पाहायची सवयही आजच लावा. जॉन कॉटर हार्वर्ड बिझनेस स्कूलचे निवृत्त प्राध्यापक. १९९५ च्या लेखात त्यांनी या आठ गोष्टी चुका म्हणून मांडल्या होत्या: बदल फसतो तो या आठ कारणांनी. १९९६ च्या पुस्तकात त्याच पायऱ्या झाल्या. त्यामुळे ‘पुरेशी निकड निर्माण न करणं’ असा उलटा पर्याय दिसला तर गोंधळू नका, ती पहिलीच पायरी आहे. २०१४ च्या पुस्तकात त्यांनी आठही गोष्टी एकाच वेळी, सतत चालू ठेवायच्या असं सांगितलं. प्रश्नात ‘क्रमाने’ असेल तर जुनी मांडणी, ‘एकाच वेळी’ असेल तर नवी.

आता निकडीकडे. खऱ्या आणि खोट्या निकडीला इंग्रजी पुस्तकात अर्जन्सी हा एकच शब्द वापरलाय, म्हणून तिथे फसगत होते. आपल्याकडे निकड आणि घाई हे दोन वेगळे शब्द आहेत, त्याचा फायदा घ्या. कॉटर यांनी २००८ मध्ये फक्त निकडीवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. त्यात ते तीन अवस्था वेगळ्या करतात. ‘चाललंय ते बरं चाललंय’ ही सुस्त समाधानाची पहिली. भीती आणि चिडचिड यांतून येणारी धावपळ, म्हणजे खोटी निकड, ही दुसरी. रोज महत्त्वाच्या कामाला हात घालणारी खरी निकड ही तिसरी. परीक्षेत दुसरी आणि तिसरी यांतच अडकवतात. प्रश्नात मीटिंगांवर मीटिंगा, नवे टास्क फोर्स, रात्री दहाला येणारे ईमेल आणि दमलेली माणसं दिसली, पण मूळ अडचण जागच्या जागी राहिली, तर ती घाई आहे. लोकांनी कमी महत्त्वाची कामं बाजूला सारून नेमक्या अडचणीवर वेळ काढलेला दिसला, तर ती निकड.

एक उदाहरण घेऊ, सरावासाठी मी रचलेलं. रबाळे एमआयडीसीत पुठ्ठ्याचे खोके बनवणारा कारखाना आहे. मशीनच्या चार लाइन, व्यवस्थापनात २० माणसं. गिऱ्हाईक बहुतेक औषध कंपन्या, ज्यांना आता छोट्या छोट्या ऑर्डरी वेळेवर हव्यात. इथे एक ऑर्डर संपवून दुसरीसाठी मशीन लावायला ९० मिनिटं जातात, माल उशिरा पोहोचतो आणि दोन गिऱ्हाइकांनी निम्मं काम तळोज्याला हलवलंय. मालक सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवून तासभर बोलतात, ‘सहा महिन्यांत सुधारलं नाही तर गेट बंद’ असं सांगतात. पुढचे पंधरा दिवस सुपरवायझर पळापळ करतात. ९० मिनिटं ९०च राहतात.

निकड निर्माण झाली का? भाषण झालं, भीती बसली, म्हणून ‘हो’ला खूण करायचा मोह होतो. उत्तर ‘नाही’. कॉटर यांच्या १९९५ च्या लेखातला ठोकताळा असा की व्यवस्थापनातल्या सुमारे ७५ टक्के लोकांना ‘आत्ता चाललंय तसं चालणं अजिबात शक्य नाही’ हे मनापासून पटलं, की निकड पुरेशी झाली. आपल्या कारखान्यात ते २० पैकी १५ होतात. खासगीत विचारलं तर सहाच जण तसं म्हणतात, बाकीच्यांना वाटतं की साहेब दर वर्षी असंच बोलतात. हा टक्का व्यवस्थापनाचा आहे, सगळ्या कामगारांचा नाही. पर्यायांत दोन्ही देऊन मुद्दाम चकवतात. आणि हा आकडा कुठल्या सर्वेक्षणातून आलेला नाही, शंभराहून जास्त कंपन्या जवळून पाहिल्यावर त्यांनी बांधलेला अंदाज आहे. ‘प्रयोगाने सिद्ध’ असा पर्याय असेल तर तो खोडा.

मग निकड आणायची कशी? त्याच लेखात एका विभागप्रमुखाचं उदाहरण आहे. त्याने ग्राहकांच्या समाधानाची पाहणी कंपनीत पहिल्यांदाच करवून घेतली. निकाल वाईट येणार हे त्याला ठाऊक होतं, आणि आल्यावर त्याने तो जाहीरही केला. निकडीवरच्या २००८ च्या पुस्तकात याच युक्तीला ‘बाहेरचं आत आणणं’ म्हटलंय. रबाळ्यात ते असं दिसेल: काम हलवलेल्या गिऱ्हाइकाच्या खरेदी अधिकाऱ्याला बोलावून २० जणांसमोर बोलायला लावायचं, आणि परत आलेला माल कोपऱ्यात झाकून न ठेवता लाइनशेजारी ठेवायचा. मालकाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट आणि गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेली गोष्ट यांत फार फरक असतो.

इथलाच एक आडवा प्रश्न: तोटा झाला तर बदलाला मदत होते की अडचण? उत्तर ‘दोन्ही’. तोट्याने लोकांचे कान टवकारतात, पण हातात पैसा आणि वेळ कमी उरतो. नफा असताना उलट. लोकांना पटवणं जड जातं, पण बदल करायला बळ असतं.

दुसरी संध्याकाळ पूर्णपणे सहाव्या पायरीला, म्हणजे लवकर दिसणाऱ्या यशाला द्या, पुस्तकात त्याला शॉर्ट-टर्म विन म्हणतात. शॉर्ट-टर्म विन म्हणजे नुसती चांगली बातमी नव्हे. तीन चाळण्या लावा. ते यश पुष्कळ लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं का? त्यावर वाद घालायला जागा उरते का? आणि त्याचा संबंध बदलाच्या कामाशी सरळ लागतो का? तिन्हींतून पार पडलं तरच विन.

रबाळ्यात पुढे काय झालं ते चार पर्यायांत मांडते. पहिला, दिवाळीआधीच्या ऑर्डरींमुळे विक्री वाढली. दुसरा, कागदाचे भाव उतरले आणि तिमाहीचा नफा सुधारला. तिसरा, एकाच लाइनवर मशीन लावण्याची नवी पद्धत बसवली आणि पाचव्या महिन्यात ९० मिनिटांची ५० झाली, रोजचा आकडा लाइनशेजारच्या फळ्यावर. चौथा, सगळ्या सुपरवायझरांचं प्रशिक्षण पूर्ण झालं. पहिले दोन दिसतात, पण बदल केला नसता तरी झाले असते, तिसऱ्या चाळणीत अडकतात. चौथ्यावर बरेच जण चुकतात. प्रशिक्षण ही केलेली मेहनत आहे, तिचं फळ अजून दिसायचंय. उत्तर तिसरा. फळ्यावरचा आकडा ऑपरेटरही वाचतो आणि अकाउंट्सवालाही, आणि घड्याळाशी वाद घालता येत नाही.

‘ठरवून’ हा शब्द इथे जपा. यश मिळेल अशी आशा धरणं वेगळं आणि ते मिळवण्याची आखणी करणं वेगळं, हा भेद कॉटर स्वतः करतात. रबाळ्यातल्या गटाने चारपैकी तीच लाइन का घेतली? तिथे ऑर्डरी सर्वांत वारंवार बदलतात, म्हणून फरक लवकर दिसणार होता, आणि तिथला ऑपरेटर तयार होता. ही आखणी. चारही लाइनींवर एकदम सुरू करून कुठेतरी काहीतरी सुधारेल म्हणून थांबले असते, तर ती आशा. मुदत विचारली तर त्या लेखात १२ ते २४ महिने आहेत: एवढ्या काळात ठोस पुरावा दिसला नाही, तर बरेच लोक सोबत सोडतात किंवा विरोधकांना जाऊन मिळतात. ‘शॉर्ट’ वाचून १२ ते २४ आठवड्यांवर खूण करू नका.

तिसऱ्या संध्याकाळी या दोन पायऱ्या एकमेकींसमोर ठेवून पाहा, कारण अवघड प्रश्न तिथूनच निघतात. यश मिळालं की माणूस सैलावतो, म्हणजे सहावी पायरी पहिलीच्या मुळावर उठू शकते. मग निकड ओसरू नये म्हणून यश मिळवायचंच टाळावं का? असा पर्याय खरंच असतो आणि तो चूक आहे. कॉटर म्हणतात, ठरावीक मुदतीत यश दाखवायचं बंधन स्वतःवर घेतलं, की निकड उलट टिकते आणि बारकाईने विचार करावाच लागतो. बिघडतं ते पुढच्या पावलावर. रबाळ्यात ५० मिनिटांचा फळा लागला, मालकांनी पेढे वाटले, काम फत्ते झाल्याचं सांगून गट मोडला. वर्षभरात तीच लाइन ८० मिनिटांवर आली, बाकीच्या तीन तर हललेल्याच नव्हत्या. चूक कितवी? पेढे वाटणं ही चूक नाही. लढाई जिंकल्यावर युद्ध जिंकल्याची दवंडी पिटणं ही सातवी चूक. गंमत म्हणजे या दवंडीत बदल करणारे आणि बदल नको असणारे दोघेही सामील होतात, असं त्या लेखात आहे. पहिल्यांना हुरूप आलेला असतो. दुसरे वाटच पाहत असतात: ‘झालं ना आता, मग चला जुन्या कामाला.’

इथे सातवी आणि आठवी यांतही गल्लत होते. प्रश्नात अजून बदल करायचे शिल्लक असताना काम थांबवलं असेल तर सातवी. बदल सगळीकडे झाला, पण नवा प्लांट मॅनेजर आला आणि त्याने जुनी पद्धत परत आणली, असं असेल तर आठवी, म्हणजे तो अंगवळणी पडलाच नव्हता. रबाळ्यात तीन लाइनी शिल्लक होत्या, म्हणून सातवी.

शनिवारी रात्री नवं काही वाचू नका. हाच कारखाना घ्या आणि एकच प्रश्न स्वतः सोडवा: मालकांनी फळ्यासमोर उभं राहून काय सांगायला हवं होतं? माझं उत्तर असं की ५० मिनिटं ज्याच्या हातून झाली त्या ऑपरेटरचं नाव सगळ्यांसमोर घ्यायचं, दुसऱ्या लाइनची तारीख तिथेच फळ्यावर लिहायची, आणि हलवलेलं काम अजून तळोज्यालाच आहे हे त्याच वाक्यात सांगायचं. यातला पहिला भाग सहावीचा, दुसरा सातवीचा आणि तिसरा पहिलीचा.