कुरळ्या केसांची कड कोरण्याआधीची तयारी

कपाळ-कानशिलांवरची केसांची कड कोरताना नवी रेषा आखायची नसते. असलेल्या रेषेबाहेर आलेले केस तेवढे काढायचे, म्हणून ती रेषा नीट दिसणं हीच खरी तयारी.

केस काही तास आधी धुऊन पूर्ण वाळू द्या. ओला कुरळा केस ताणून लांब होतो आणि वाळल्यावर आखडतो. ओल्यावर जुळलेली कड वाळली की वर चढलेली दिसते. तेल-जेल लावू नका, कंगव्याने ओढून सरळही करू नका. बोटांनी मोकळे करा आणि कुरळ जिथे आपणहून बसतो तिथे बसू द्या.

उजेड समोरून हवा. डोक्यावरच्या दिव्याने कपाळावर केसांची सावली पडते आणि ती रेषेसारखी भासते. आरशात बघताना भुवया नकळत उंचावतात, कातडी वर सरकते आणि कड वाकडी जाते, तेव्हा चेहरा सैल ठेवा.

ट्रिमरचं पातं स्पिरिटने पुसून, थेंबभर तेल देऊन मनगटावर टेकवून पाहा. टोचलं किंवा ओरखडा उठला, तर कपाळाला लावू नका. वस्तरा मी या कामाला घेतच नाही, कारण कातडीलगत कापलेला कुरळा केस वळून पुन्हा कातडीत शिरतो आणि बारीक पुळ्या येतात. एक-दीड मिलिमीटरचा गार्ड मात्र हाताशी असू द्या, तो शेवटी लागतो.

आता कानशिलं. सर्वाधिक घोटाळा इथेच होतो, कारण इथले केस मुळातच विरळ असतात आणि दोन्ही बाजू क्वचितच सारख्या असतात. भावाच्या उजव्या कानशिलाचा कोपरा डाव्यापेक्षा अर्धं बोट खाली होता. मी तो डाव्याला जुळवला. त्या दिवशी छान दिसला, पण तिसऱ्या दिवशी तिथे खुंटांची काळसर पट्टी उठली. बाकीचे केस सेंटीमीटरभर होते आणि केस महिन्याला साधारण तेवढाच वाढतो, त्यामुळे ती पट्टी मिसळायला महिना गेला. आता सुरू करण्याआधी दोन्ही कोपऱ्यांवर पांढऱ्या पेन्सिलीने ठिपका देतो, जिथे केस दाट व्हायला लागतात त्याच्या किंचित बाहेर, आणि फरक असेल तर राहू देतो.

मग कपाळाच्या मध्यापासून दोन्हीकडे जा. पातं ओढू नका, टोकाने हलके टेकवत केस उचला. कानशिलाशी काटकोन न करता कडेला वळण द्या. पुढची मऊ लव राहू द्या; ती गेली की कपाळ चिकटवल्यासारखं दिसतं. शेवटी गार्ड लावून ट्रिमर अगदी कडेलगतच्या अरुंद पट्ट्यावरून बाहेरच्या दिशेने एकदाच हलका फिरवा, म्हणजे रेषा धारदार न राहता विरत जाते. दोन पावलं मागे जाऊन आरशात पाहा. केसांआधी रेषा नजरेत भरली, तर आणखी कापू नका, फक्त गार्डचा तो हात पुन्हा फिरवा.