कंटेंट रायटिंगच्या कामासाठी प्रपोजल लिहिताना: नमुना एकच, पण नेमका

आधी जाहिरात दोनदा वाचा. काही क्लायंट मजकुराच्या मधेच ‘पत्राची सुरुवात अमुक शब्दाने करा’ अशी सूचना पेरून ठेवतात. तो शब्द दिसला नाही की पत्र पुढे वाचलंच जात नाही.

समजा, छोट्या दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला महिन्याला चार ब्लॉग हवे आहेत, प्रत्येकी हजार शब्दांचे आणि सोप्या भाषेत. तुमच्याकडे दाखवण्यासारखे तीन लेख आहेत: एक प्रवासवर्णन, एक मोबाइलची तुलना आणि एक विमा पॉलिसीच्या अटी उलगडून सांगणारा. प्रवासवर्णन सगळ्यात देखणं उतरलं असेल, तरी इथे ते कामाचं नाही. विम्याचा लेख निवडा. विषय वेगळा असला तरी किचकट गोष्ट सामान्य वाचकाच्या गळी उतरवता येते, हे त्यातून दिसतं, आणि क्लायंटला शंका असते ती त्याचीच. सोबत आणखी पाच लिंका जोडायचा मोह होतो, पण मग कुठली उघडायची हे क्लायंटवर पडतं आणि बहुधा तो एकही उघडत नाही.

आता पत्र. क्लायंटकडे आलेल्या प्रपोजलच्या यादीत बहुतेकदा प्रत्येक पत्राच्या सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात, त्यामुळे ‘मी एक अनुभवी लेखक आहे’ यात त्या वाया घालवू नका. असं लिहिता येईल:

“नमस्कार,
तुमचा वाचक दुकानदार आहे, अकाउंटंट नाही. त्यामुळे ‘उधारी वसूल का होत नाही’ अशा त्याच्या रोजच्या प्रश्नापासून लेख सुरू करून मग सॉफ्टवेअरकडे येणं योग्य ठरेल.
याच पद्धतीने लिहिलेला माझा विमा पॉलिसीवरचा लेख सोबत देत आहे: [लिंक]. त्यातला ‘क्लेम कधी नाकारला जातो’ हा भाग पाहावा. पॉलिसीतली अट तिथे एका कुटुंबाच्या उदाहरणातून समजावली आहे.
हजार शब्दांचा मसुदा चार दिवसांत देईन. ठरलेल्या दरात दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. एक विचारायचं होतं: विषय तुम्ही देणार, की मी सुचवायचे?”

लिंकसोबत नेमका भाग सांगितला आहे, कारण पूर्ण लेख वाचायला क्लायंटला सवड नसते. शेवटचा प्रश्न खरोखर विचारण्यासारखा हवा. उत्तर जाहिरातीतच असेल, तर तुम्ही ती वाचलीच नाही हे उघड होतं.

पाठवण्यापूर्वी लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडून बघा. गूगल डॉक्सची फाइल तुम्हाला उघडते ती तुम्ही लॉगिन असता म्हणून. क्लायंटपुढे मात्र परवानगी मागणारं पान येतं. शेअरिंगमध्ये लिंक असलेल्या कोणालाही फक्त वाचता येईल, असं सेटिंग ठेवा.

लेख दुसऱ्याच्या नावाने छापून आला असेल, तर आधीच्या क्लायंटची परवानगी घ्या. ती मिळत नसेल, तर जाहिरातीतल्याच विषयावर तीनशे शब्दांचा नवा नमुना लिहा आणि तो अप्रकाशित आहे, हे पत्रात स्पष्ट सांगा.