वऱ्हाडी उतारा प्रमाण मराठीत लिहिताना म्हण शेवटी हाताळा

समजा उतारा असा आहे: ‘काऊन बे, एवढं कर्ज काढून पोरीचं लगन करून रायला? घरात नाही दाना अन् मले बाजीराव म्हना!’

आधी म्हणीभोवती पेन्सिलीने चौकट करा आणि बाकीचं वाक्य सोडवा. इथे खरी फसगत ‘करून रायला’मध्ये होते. ते ‘करून राहिला’ नव्हे. काम चालू आहे, म्हणून ‘करतोयस’. ‘काऊन’चं ‘का’ आणि ‘बे’चं ‘रे’. ‘का बरे’ लिहिलंत तर बोलणाऱ्यांची सलगीच जाते.

आता चौकटीतली म्हण. तिथे शब्द बदलायचे नाहीत, फक्त उच्चार बदलायचे: न चा ण, ‘मले’चं ‘मला’, ‘अन्’चं ‘आणि’. ‘घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा.’ मोठ्याने वाचा. दाणा–म्हणा यमक टिकलं, म्हणजे काम झालं. ‘ऐपत नसताना बडेजाव’ हा अर्थ आहे, म्हण नाही. तो हवा तर तळटीपेत द्या.

प्रत्येक म्हण इतकी सोपी नसते. वऱ्हाडीत ळ चा य होतो, डोळा ‘डोया’ होतो. त्याचं यमक ‘माया’शी जुळलेलं असेल तर ‘डोळा’ लिहिताच ते मोडतं. अशी म्हण अवतरणात मूळ रूपातच ठेवावी, असं माझं मत. तयार वाक्य असं: ‘का रे, एवढं कर्ज काढून मुलीचं लग्न करतोयस? घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा!’