या चुका टाळा: इंग्रजी परीक्षेतलं आर्टिकल पहिल्या तीन वाक्यांतच का फसतं

केंब्रिजच्या बी१ प्रिलिमिनरी परीक्षेत (जुने लोक अजून 'पेट'च म्हणतात) लेखनासाठी ४५ मिनिटं मिळतात आणि दोन उत्तरं लिहायची असतात. पहिला ईमेल सक्तीचा. दुसऱ्यात आर्टिकल किंवा स्टोरी यांतलं एक निवडायचं. दोन्ही साधारण १०० शब्दांचे. आर्टिकल निवडणाऱ्या मुलांचा माल बहुतेक वेळा चांगला असतो, पण तो बाहेर काढेपर्यंत शब्द संपलेले असतात.

सरावासाठी मी वर्गात एक प्रश्न देतो. इंग्रजी मासिकाला लेख हवेत, विषय आहे बाहेर खायला जायची आवडती जागा. तिथे काय चांगलं आहे? तुम्ही कोणासोबत जाता? ती सगळ्यांना आवडेल का? विषय असा असला की आर्टिकल आपोआप छोटा रिव्ह्यूच होतो.

एका विद्यार्थिनीची सुरुवात अशी होती (अर्थ मराठीत देतो): 'आजकाल बाहेर खाणं फार लोकप्रिय झालं आहे. भारतात अनेक प्रकारची हॉटेलं आहेत. या लेखात मी माझ्या आवडत्या हॉटेलबद्दल सांगणार आहे.' इंग्रजीत हे मोजून २७ शब्द भरले. म्हणजे पाव लेख संपला आणि हॉटेल अजून आलंच नाही. चूक तिची नाही, शाळेतल्या निबंधाची आहे. तिथे प्रस्तावना लागते, 'आजच्या धावपळीच्या युगात' लागतं. मासिकाचा वाचक मात्र पान उलटून मोकळा होतो.

ओळखायची खूण सोपी आहे. पहिलं वाक्य बोटाने झाका आणि पुढचं वाचा. काहीच हरवलं नाही, तर ते वाक्य नको होतं. तिने असं करत तिन्ही वाक्यं खोडली आणि लिहिलं: 'सकाळचे सात वाजलेत आणि सहाच टेबलांच्या एका दुकानाबाहेर रांग लागली आहे. का? मिसळ!' जागा, वेळ, गर्दी आणि विषय हे सगळं वीसेक शब्दांत आलं. वाचकाला थेट प्रश्न विचारून केलेली सुरुवातही चालते, पण 'तुम्हाला खायला आवडतं का?' असा प्रश्न नको. त्याला कोण नाही म्हणणार?

इथे आणखी एक अडचण आली. मासिकाच्या वाचकाला मिसळ म्हणजे काय ते माहीत असेलच असं नाही. तिने नुसतं 'व्हेरी टेस्टी' लिहिलं होतं, आणि ते तर पावभाजीलाही लागू पडतं. मग 'मोड आलेल्या कडधान्याची तिखट, पातळ भाजी, वर कुरकुरीत फरसाण' एवढं साध्या इंग्रजीत घातलं. फरसाणाला शब्द सुचेना, तेव्हा 'क्रंची स्नॅक्स' लिहून भागवलं. भागतं.

आता मताकडे. तिसऱ्या प्रश्नाला तिचं उत्तर होतं, 'काहींना आवडेल, काहींना आवडणार नाही, प्रत्येकाची आवड वेगळी.' हे खोटं नाही, पण हे मतही नाही. आपल्याला वाटतं की दोन्ही बाजूंनी बोललं की सुरक्षित. रिव्ह्यू वाचणाऱ्याला मात्र एवढंच हवं असतं की मी जाऊ का नको. म्हणून कोणाला आवडेल, कोणाला नाही आणि का, ते सांगून टाकायचं. तिचा दुसरा खर्डा: 'तिखट सोसत नसेल तर इथे येऊ नका. निवांत बसून गप्पा मारायच्या असतील तरी नको, कारण मागचे लोक तुमच्या खुर्चीकडे बघत उभे असतात. पण भूक लागली असेल तर यापेक्षा चांगला नाश्ता मला माहीत नाही.' उणीव सांगूनही मत ठाम राहतं, कारण शेवटी पारडं कुठे झुकतं ते दिसतं. 'माझ्या मते'चं 'अकॉर्डिंग टू मी' मात्र करू नका. इंग्रजीत स्वतःच्या मताला ते लावत नाहीत, साधं 'आय थिंक' पुरतं.

या नादात मधला प्रश्न, कोणासोबत जाता, सुटला होता. हे फार घडतं. उत्तर चार निकषांवर तपासतात, प्रत्येकाला ५ गुण, आणि त्यातला एक निकष मजकुराचा असतो. विचारलेलं एक उत्तर नसलं की तिथे फटका बसतो. 'मी आजोबांबरोबर जाते, ते माझ्यापेक्षा जास्त तिखट खातात' या एका वाक्यात काम झालं.

आणि वर 'डिअर एडिटर', खाली 'युवर्स फेथफुली' असं काही लिहायचं नाही. ते पत्र झालं. त्याऐवजी छोटं शीर्षक द्या. तिने दिलं होतं, 'सहा टेबलं आणि एक रांग'.