चौदा रिकाम्या फ्रेम्स

कार्टूनमधल्या रोडरनर पक्ष्याच्या मागे धावणारा कोल्हा कड्याच्या टोकापलीकडे जातो, हवेतच थांबतो, पायाखाली काही नाही हे त्याच्या लक्षात येतं, आपल्याकडे एकदा केविलवाणं बघतो आणि पडतो. मग वरून दिसणारी खोल दरी, त्यात लहान लहान होत जाणारा कोल्हा, क्षणभर काहीच नाही, आणि तळाशी धुळीचा छोटासा गोल. शाळेत असताना दुपारी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन हे मी किती वेळा पाहिलं असेल त्याला गणती नाही. (तो खरं तर कोयोटी, पण आमच्या घरी तो कोल्हाच होता.) अ‍ॅनिमेशनच्या दुसऱ्या सत्रात आवडता सीन फ्रेमागणिक सोडवून आणायला सांगितलं, तेव्हा मी हाच उचलला. लहान आहे, दोन संध्याकाळींत उरकेल असं वाटलं. तीन आठवडे लागले.

या मालिकेचा दिग्दर्शक चक जोन्स. पहिला भाग १९४९ चा. जोन्सने स्वतःच सांगून ठेवलंय की कोल्हा पडायला लागल्यापासून दिसेनासा होईपर्यंत १८ फ्रेम्स, आणि त्यानंतर १४ फ्रेम्सनी तो आपटतो. तेरा ठेवल्या तर हसू येत नाही, पंधरा ठेवल्या तरी नाही. उत्तर आधीच हातात असल्यामुळे मला वाटलं, आता फक्त पडताळणी करायची.

मोजल्या तर पडायला २३ आणि रिकाम्या १८ निघाल्या.

पुन्हा मोजल्या. तेवढ्याच. एक दिवसभर मी जोन्सला खोटं ठरवून टाकलं होतं. चूक माझ्याकडच्या व्हिडिओच्या कॉपीत होती, आणि नवशिक्या जवळपास प्रत्येकजण या खड्ड्यात पडतो, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. सिनेमाची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम्सने चालते. अमेरिकन टीव्ही जवळपास ३० ने चालायचा. २४ च्या ३० करायच्या तर दर चार फ्रेम्समागे एक जादा फ्रेम घुसडावी लागते. अशा कॉपीत १८ फ्रेम्सच्या साडेबावीस होतात आणि १४ च्या साडेसतरा. माझे आकडे जवळपास तेच होते. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचा हिशोब २५ चा. तिथे फिल्म नुसती थोडी वेगाने चालवतात, जादा फ्रेम घालत नाहीत. त्यामुळे त्या कॉपीत मोजणी १८ च येते, फक्त सेकंद थोडे कमी भरतात.

म्हणून सुरुवात फाइलचा वेग बघण्यापासून करायची:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate -of csv=p=0 clip.mp4
```

`24/1` किंवा `24000/1001` आलं तर बरं. `30000/1001`, म्हणजे जवळपास ३०, आलं तर संशय घ्यायचा. पण नुसत्या आकड्यावरही विसंबू नका. क्लिपमध्ये कॅमेरा एकसारखा सरकतोय अशी जागा शोधा आणि एकेक फ्रेम पुढे जा. mpv या व्हिडिओ प्लेअरमध्ये `.` ने पुढे, `,` ने मागे जाता येतं. दर पाचवी फ्रेम जागची हलत नसेल, किंवा दोन चित्रं एकमेकांत मिसळल्यासारखी दिसत असतील, तर कॉपीत फ्रेम्स घुसडलेल्या आहेत. मोजताना दर पाच फ्रेम्समागे एकच वगळायची.

यातच आणखी एक फसगत आहे. हाताने काढलेल्या अ‍ॅनिमेशनमध्ये एकच चित्र बऱ्याचदा दोन फ्रेम्स धरलेलं असतं. आम्ही त्याला 'टूजवर' म्हणतो. म्हणजे सेकंदाला २४ ऐवजी १२ चित्रं. असा तुकडा ३० च्या कॉपीत गेला की एक चित्र तीन फ्रेम्स, पुढचं दोन, मग तीन, मग दोन असं दिसतं. मी वहीत मोठ्या कौतुकाने लिहिलं होतं, 'कलाकाराने लय मुद्दाम मोडली आहे.' कसली लय आणि कसलं काय!

कॉपी धड मिळाल्यावर मी एक्सपोजर शीट भरायला घेतलं. प्रत्येक फ्रेमला एक ओळ, आणि ओळीत तीनच गोष्टी: चित्र बदललं का, काय घडतंय, कॅमेरा काय करतोय. पहिली गोष्ट सर्वात महत्त्वाची. चित्र बदललं नसेल तर नुसती उभी रेघ ओढायची. पानभर शीट भरून हात लांब करून धरलं की मजकूर न वाचताही सीनची ठेवण दिसते: लांब रेघ, मग गजबज, पुन्हा लांब रेघ. कोल्ह्याच्या सीनमध्ये सगळ्यात लांब रेघा पडण्याच्या आधी होत्या. तो हवेत तरंगतो तिथे. शरीर गोठलेलं, आणि हलतात ते फक्त डोळे किंवा कान. आम्हाला शिकवलं होतं की स्थिर चित्र फार वेळ धरलं की ते 'मरतं'. इथे ते मरत नाही, कारण शरीर थांबलं तरी डोळ्यांत विचार चालू असतो. आधी खाली बघणं, मग आपल्याकडे बघणं.

पोझेस उतरवताना मी एक घोळ घातला. कुठेही पॉझ करायचो आणि जी चौकट सापडेल ती रेखाटायचो. वेगवान हालचालीत मधल्या एखाद्या फ्रेमला अंग ताणून रबरासारखं केलेलं असतं, कधी तीन तीन हात असतात. दिसायला फार गमतीशीर. मी ती पोझ समजून माझ्या अभ्यासात चार फ्रेम्स धरली. स्क्रीनवर ते चित्र तुटल्यासारखं दिसलं. असलं चित्र एका फ्रेमपुरतं, डोळ्याला चुटपुटतं लागण्यासाठी असतं. पोझ कुठली हे शीटच सांगतं: जिथे लांब रेघ आहे, तिथे पोझ आहे. त्यानंतर मी फक्त रेघांच्या जागची चित्रं काढली, अंगठ्याएवढी, आतून काळी भरलेली. अख्ख्या सीनमधून सहाच निघाली, आणि त्या सहा काळ्या आकृत्यांवरूनच माझ्या धाकट्या बहिणीने गोष्ट ओळखली.

एवढं झाल्यावर स्वतःचं करून बघायची पाळी आली. कोल्हा काढण्याची माझी लायकी नव्हती, म्हणून मी एक मडकं घेतलं. डोळे असलेलं मडकं, कड्यावरून पडणारं. अकरावीचं भौतिकशास्त्र बाहेर काढून मी खरं टायमिंग लावलं. तीनशे मीटरची दरी धरली तर पडायला पावणेआठ सेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे सुमारे १८८ फ्रेम्स. तेवढं करून पाहिलं. दुसऱ्या सेकंदाला मलाच जांभई आली. मग उलटा हिशोब केला. १८ फ्रेम्स म्हणजे पाऊण सेकंद. पाऊण सेकंदात एखादी वस्तू खरोखर पडते ती पावणेतीन मीटर. आपटेपर्यंतच्या सगळ्या ३२ फ्रेम्स धरल्या तरी नऊ मीटरच्या आतच, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून. एवढ्या वेळात तो कोल्हा अख्खी दरी उतरतो आणि आपण एकदाही हरकत घेत नाही.

मी १८ आणि १४ जसेच्या तसे लावले. तरी हसू आलं नाही.

आमच्या मॅडमनी एकदाच पाहिलं आणि विचारलं, "कॅमेरा कशाला हलवलास?"

"मडकं पडतंय ना, म्हणून त्याच्या मागे नेला."

"आणि ते दिसेनासं झाल्यावर मी कुठे बघू?"

घरी येऊन मूळ शीटचा तिसरा रकाना पुन्हा वाचला. तो मी फक्त भरायचा म्हणून भरला होता. कोल्हा हवेत आहे तोवर कॅमेरा समोरून, त्याच्या चेहऱ्यापाशी. पडायला लागताच कट, आणि थेट वरून दरी. त्यानंतर शेवटपर्यंत 'स्थिर, स्थिर, स्थिर'. वरून पाहिल्यामुळे पडणारा आणि पडण्याची जागा एकाच चौकटीत, जवळपास एकाच बिंदूवर असतात. कोल्हा ठिपका होत होत जिथे विरतो तिथेच आपला डोळा टेकलेला असतो, आणि १४ फ्रेम्सनी धूळ उठते तीही तिथेच. डोळ्याला कुठे जायचंच नसतं, म्हणून तो वाट बघतो. माझा कॅमेरा बाजूने मडक्यामागे खाली जात होता. त्यात मडकं कधी नाहीसं होतच नव्हतं, मग रिकाम्या फ्रेम्स कुठून येणार? मी त्या कड्याच्या भिंतीवर ठेवल्या होत्या, आणि बघणाऱ्याला वाटत होतं की काहीतरी अडकलंय.

वरून बघण्यात आणखी एक गोष्ट आपोआप होते. वस्तू लांब जाते तसा तिचा आकार अंतराच्या प्रमाणात घटतो. अंतर दुप्पट झालं की आकार निम्मा. म्हणून सुरुवातीच्या काही फ्रेम्समध्ये कोल्हा झपाट्याने लहान होतो आणि शेवटी ठिपका बराच वेळ ठिपकाच राहतो. मी संगणकावर पहिल्या आणि शेवटच्या आकारामध्ये सरळ रेषेत घट लावली होती. त्यामुळे मडकं पडत नव्हतं, फुग्यातली हवा गेल्यासारखं आक्रसत होतं. पहिल्या सहा फ्रेम्समध्येच ते चौथ्या हिश्शावर आणल्यावर पहिल्यांदा खोली जाणवली.

मग मडक्याच्या तीन आवृत्त्या केल्या. पडणं तिन्हींत १८ फ्रेम्सच, रिकाम्या फ्रेम्स मात्र ८, १४ आणि २४. वसतिगृहातल्या पोरांना कुठली कोणती ते न सांगता दाखवल्या. आठच्या वेळी धूळ उठलेली बऱ्याच जणांना नीट कळलीच नाही, ती पडण्याचाच भाग वाटली. चोवीसच्या वेळी एकाने "संपलं?" म्हणून माझ्याकडे मान वळवली, आणि तेवढ्यात स्क्रीनवर धूळ उठून गेली. चौदाला हसले. पण नंतर धुळीचा गोल लहान आणि मातीच्याच रंगाचा केला, तर चौदा तोकड्या पडायला लागल्या आणि सोळा बऱ्या वाटल्या. म्हणजे तो आकडा जोन्सच्या धुळीचा, त्याच्या दरीचा आणि त्याच्या आवाजाचा आहे. दुसऱ्याच्या शीटवरून उचलून आपल्या चित्रात बसवला की तो थोडाफार हलतोच.

ते शीट अजून माझ्या टेबलासमोर लावलेलं आहे. नोकरीला सहा वर्षं झाली. अकरा आणि चौदा यांतला फरक आता मला न मोजता दिसतो, चौदा आणि सतरातलाही. तेरा आणि चौदातला मात्र अजून दिसत नाही.